चॉकलेटचं विरजण

त्या दिवाळीत मी हौसेनं घरी केलेल्या चॉकलेटचा डबा सासूबाईंनी उघडला, आत डोकावून पाहिलं आणि झाकण पुन्हा लावलं. "अगं, याला बुरशी धरलीय," त्या म्हणाल्या. "कोणाला देऊ नकोस हो."

बुरशी नव्हती. पण दिसत होतं तसंच. दोन दिवसांपूर्वी साच्यातून काढलेल्या वड्यांवर राखाडी-पांढरे ओघळ उमटले होते, बोट लावलं की बोटाला चिकट तूपकट लागत होतं आणि वडी मोडायला गेलं तर ती तुटण्याऐवजी वाकत होती. वास चांगला, चव चांगली, रूप मात्र फुटपाथवर उन्हात पडलेल्या गोळीसारखं. मी महागातलं डार्क चॉकलेट आणलं होतं, वितळवलं होतं, साच्यात ओतलं होतं, फ्रीजमध्ये ठेवलं होतं. आणखी काय करायचं असतं?

मधली एक पायरी करायची असते. तिला टेम्परिंग म्हणतात. त्यासाठी संगमरवरी फरशी, लेझर थर्मामीटर, यंत्र असं बरंच काही लागतं असा समज आहे. मला यातलं काही लागत नाही. लागतं ते एक काचेचं बोल, पातेलं, कोरडा कलथा आणि स्वतःचा ओठ. पण आधी पाकीट उलटं करून घटक वाचायला हवेत, कारण अर्ध्या घरांत टेम्परिंगची गरजच नसते आणि उरलेल्या अर्ध्यांत ते केलं जात नाही.

बाजारात बेकरीच्या सामानाच्या दुकानात चॉकलेटची जी मोठी लादी स्वस्तात मिळते, ती बहुतेक वेळा 'कंपाउंड' असते. तिच्या घटकांत साखर आणि कोको पावडरीबरोबर 'हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट' असं लिहिलेलं असतं. म्हणजे कोकोचं स्वतःचं तूप काढून त्या जागी घट्ट केलेलं वनस्पती तेल घातलेलं. हे कंपाउंड वितळवा, ओता, थंड करा, झालं. ते आपोआप कडक होतं आणि बऱ्यापैकी चमकतं. घरगुती चॉकलेटच्या वर्गात शिकवतात ते बहुधा हेच, आणि ते शिकून आलेली माणसं पुढे खरं चॉकलेट आणून तसंच करायला जातात. मीही तेच केलं होतं. खऱ्या चॉकलेटच्या पाकिटावर 'कोको बटर' असं लिहिलेलं असतं, दुसरं कुठलं तूप-तेल नसतं. जास्त कोको बटर असलेल्या, पातळ ओतता येणाऱ्या लादीला 'कुव्हर्चर' म्हणतात. इथून पुढचं सगळं या कोको बटरबद्दल आहे.

आपल्याकडे तूप कढवणाऱ्या कोणत्याही बाईला एक गोष्ट माहीत असते. कढवलेलं तूप ओट्यावर हळूहळू निवलं तर छान रवाळ होतं. तेच तूप गरम असताना फ्रीजमध्ये ढकललं तर गुळगुळीत, लोण्यासारखं थिजतं. तूप तेच, भांडं तेच, फरक फक्त निवण्याचा. स्निग्ध पदार्थाचे कण थिजताना एकमेकांशेजारी रांगेनं बसतात, आणि त्या रांगा कशा लागतील हे थंड होण्याची गती आणि तापमान ठरवतं. कोको बटर याच बाबतीत फारच लहरी आहे. त्याचे कण एक-दोन नव्हे, सहा वेगवेगळ्या पद्धतींनी रचले जाऊ शकतात. विल आणि लटन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९६६ साली या सहा रचना क्रमांक देऊन मांडल्या आणि आजही चॉकलेटवाले त्याच क्रमांकांनी बोलतात.

सहाही लक्षात ठेवायची गरज नाही. चौथी आणि पाचवी पुरे. चौथ्या रचनेचं कोको बटर साधारण २७-२८ अंशांना वितळतं. ते मऊ असतं, हातात घेताच लिबलिबतं, आणि टिकत नाही. दिवसागणिक त्याचे कण आपली जागा बदलून पुढच्या, जास्त घट्ट रचनेत जातात आणि या हालचालीत थोडं बटर पृष्ठभागावर येऊन तिथे थिजतं. सासूबाईंना दिसलेली बुरशी ती हीच. पाचवी रचना साधारण ३४ अंशांपर्यंत टिकते. तिच्यातले कण दाटीवाटीनं बसलेले असतात, म्हणून वडी आकसते, साच्यापासून सुटते, प्रकाश सरळ परतवते म्हणून चमकते आणि मोडताना 'टक्' असा आवाज करते. आणि ३४ अंश म्हणजे तोंडातल्या उबेपेक्षा थोडं कमी, म्हणून हातात कडक असलेली वडी जिभेवर विरघळते.

वितळवलेलं चॉकलेट नुसतं सोडून दिलं तर त्यात चौथ्या आणि तिच्या खालच्या रचनांचे कण आधी तयार होतात, कारण ते बनायला सोपे असतात. फ्रीजमध्ये टाकलं तर आणखीच. टेम्परिंग म्हणजे चॉकलेटमध्ये पाचव्या रचनेचे थोडे कण आधीच पेरून ठेवणं, म्हणजे बाकीचं बटर थिजताना त्यांच्या मागोमाग तशीच रांग लावतं.

याला मराठीत शब्द शोधायची गरज नाही. हे विरजण आहे. दुधात चमचाभर दही घालतो, तसं वितळलेल्या चॉकलेटमध्ये न वितळवलेलं चॉकलेट घालायचं. दुकानातून आणलेली चांगली लादी कारखान्यात टेम्पर करूनच निघालेली असते, म्हणजे तिच्यात पाचव्या रचनेचे कण ठासून भरलेले असतात. दह्यातले जंतू जिवंत असतात आणि इथे जिवंत काही नाही, एवढा फरक सोडला तर उपमा शेवटपर्यंत चालते. दूध फार गरम असेल तर विरजण मरतं, तसं चॉकलेट ३४-३५ अंशांच्या वर असेल तर पेरलेले कण वितळून जातात. दूध गार असेल तर दही लागत नाही, तसं चॉकलेट २८च्या खाली गेलं की नको ते कणही सोबत तयार होऊ लागतात. हवं ते कोमट या दोन्हींच्या मधलं: डार्कसाठी ३१-३२ अंश. या तापमानाला चौथ्या रचनेचा कण टिकू शकत नाही आणि पाचवीचा वितळत नाही. टेम्परिंगचं सगळं गणित या तीन-चार अंशांच्या फटीत आहे.

आता प्रत्यक्ष करू. मी हे पुण्यात, जानेवारीतल्या एका सकाळी केलं, तेव्हा स्वयंपाकघरात २१-२२ अंशांच्या आसपास गारवा होता. डार्क कुव्हर्चर ३०० ग्रॅम. यातलं पाऊण, म्हणजे २२५ ग्रॅम, वितळवायला. राहिलेलं ७५ ग्रॅम विरजणाला. विरजणाचे पुन्हा दोन भाग: ५० ग्रॅम सुरीनं हरभऱ्याच्या डाळीएवढं बारीक चिरलं आणि २५ ग्रॅमचा एक अख्खा तुकडा तसाच ठेवला. तो तुकडा का, ते पुढे येईल. विरजणाचं चॉकलेट निवडताना ते चमकदार आणि तुटताना आवाज करणारं आहे ना एवढं पाहावं. पांढरे डाग पडलेली लादी वितळवायला चालते, विरजणाला नाही.

पातेल्यात दोन बोटं पाणी गरम केलं, वाफ यायला लागली तसा गॅस बंद केला आणि वर काचेचं बोल ठेवलं. बोलाचं बूड पाण्याला लागू द्यायचं नाही. काच मी मुद्दाम घेते. स्टीलचं भांडं भराभर तापतं आणि भराभर निवतं, त्यामुळे कडेचं चॉकलेट घट्ट आणि मधलं गरम असं होतं. काच आळशी आहे, आणि इथे आळशीपणा उपयोगी पडतो. चॉकलेट हलवत राहिलं की सहा-सात मिनिटांत पूर्ण वितळतं. ते सगळं वितळणं महत्त्वाचं, कारण जुन्या चुकीच्या रचनेचा एकही कण मागे राहायला नको. त्यासाठी ४५ अंशांच्या आसपास जावं लागतं. हाताच्या भाषेत सांगायचं तर अंघोळीच्या पाण्यापेक्षा किंचित जास्त गरम: ओठाला चटका बसत नाही, पण गरम आहे हे ताबडतोब कळतं. ५० अंशांच्या पुढे जाऊ नये. दुधाचं आणि पांढरं चॉकलेट त्याहून आधीच, साधारण ४५लाच, गोळा व्हायला आणि करपायला लागतं.

बोल उचललं की आधी त्याचं बूड फडक्यानं कोरडं पुसायचं. हे मी दोनदा विसरले आहे आणि दोन्ही वेळा बुडाखालचा थेंब ओघळून साच्यात गेला. पाण्याचा एक थेंब चॉकलेटचं काय करतो ते पाहण्यासारखं आहे, फक्त स्वतःच्या चॉकलेटवर नको. वितळलेल्या चॉकलेटमध्ये साखरेचे कोरडे कण तुपात तरंगत असतात. थेंब पडला की ते ओले होतात, एकमेकांना चिकटतात आणि अर्ध्या मिनिटात वाटीभर चमकदार चॉकलेटचा ओल्या रेतीसारखा गोळा होतो. तो परत सुटत नाही. त्यात गरम दूध घालून पिऊन टाकावं, हाच उपाय. म्हणून लाकडी कलथा वापरू नये, तो आतमध्ये ओल धरून असतो.

आता विरजण. चिरलेल्यातलं अर्धं घातलं आणि हलवायला लागले. ते वितळलं तसं उरलेलं अर्धं. हलवणं इथे फक्त मिसळण्यासाठी नसतं. ढवळण्यानं तयार झालेले कण तुटून त्यांचे आणखी कण होतात आणि सगळीकडे पसरतात. म्हणून कडा आणि बूड खरवडत, न थांबता, पण हवा भरणार नाही अशा बेतानं हलवावं. भजीच्या पिठासारखं फेटायचं नाही.

दुसरा हप्ता विरघळायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला. इथेच तो अख्खा तुकडा आत सोडला आणि हलवत राहिले. सुरुवातीला त्याच्या कडा गोलसर झाल्या, म्हणजे तो वितळत होता, म्हणजे चॉकलेट अजून ३४च्या वर होतं. तीन-चार मिनिटांनी त्याचा आकार बदलायचा थांबला. कलथ्यानं उलटवला, पालटवला, तरी तेवढाच. आता चॉकलेट ३४च्या खाली आलं आहे हे कळायला थर्मामीटर कशाला हवा? पाचव्या रचनेचं कोको बटर ३४ला वितळतं, आणि हा तुकडा पाचव्या रचनेचाच आहे. तो वितळायचा थांबला म्हणजे त्यानं आकडा सांगितला. आपल्या आज्या पाकाची तार बोटावर पाहायच्या, गोळीबंद पाकाचा थेंब पाण्यात टाकून पाहायच्या, तसंच हे आहे. पदार्थच आपलं तापमान दाखवतो. काम झालं की तो तुकडा काट्यानं उचलून बाजूला ठेवता येतो. सगळं बारीक चिरून घातलं असतं तर शेवटच्या न वितळलेल्या गुठळ्या वड्यांत खड्यांसारख्या राहिल्या असत्या.

तापाचा थर्मामीटर घालून पाहावा का, असं मला एकीनं विचारलं होतं. घालू नये. एक तर तो काखेतला. दुसरं म्हणजे तो माणसाच्या तापासाठी केलेला असतो आणि ३२ अंशांच्या खाली बहुतेक वेळा आकडा दाखवतच नाही, आपलं काम नेमकं तिथे असतं.

तुकड्यानं ३४ची खूण दिली, पण आपल्याला आणखी दोन-तीन अंश खाली यायचं आहे. हे ओठ सांगतो. ओठाची त्वचा पातळ असते आणि तिचं तापमान चॉकलेटच्या कामाच्या तापमानाहून थोडंसंच जास्त असतं, त्यामुळे ३१-३२ अंशांचं चॉकलेट ओठाला जेमतेम गार लागतं. गरम वाटलं तर थांबा आणि हलवा. गरम-गार काहीच कळेना, तर जवळ आलात. किंचित गार वाटलं, तर तयार. आता उष्ट्याचा प्रश्न. कलथा ओठाला लावायचा नाही. मी सहा चहाचे चमचे आधीच काढून ठेवते, प्रत्येक वेळी नव्या चमच्याच्या पाठीवर थेंब घेते, ओठाला लावते आणि तो चमचा सिंकमध्ये टाकते. ज्यांना तेही नको त्यांनी मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहावा, लहान बाळाच्या दुधाचा पाहतात तसा.

पण ओठ फक्त तापमान सांगतो. विरजण लागलंय का, हे सांगत नाही. त्यासाठी बटर पेपरची बोटभर पट्टी चॉकलेटमध्ये बुडवून ओट्यावर ठेवायची आणि चार-पाच मिनिटं तिच्याकडे पाहायचं नाही. तितक्यात त्यावरची ओली चकाकी जाऊन एकसारखी, शांत चमक आली, बोटाला चिकटलं नाही आणि पट्टी वाकवल्यावर थर तडकला, तर टेम्पर झालं. दहा मिनिटांनीही मऊ असेल, किंवा घट्ट झालं पण मातकट दिसत असेल किंवा ओघळांसारख्या रेषा असतील, तर कण पुरेसे नाहीत. तेव्हा तो काढलेला तुकडा परत आत टाकून आणखी दोन मिनिटं हलवायचं आणि पुन्हा पट्टी बुडवायची. ही परीक्षा फ्रीजमध्ये करू नका. फ्रीजमध्ये काहीही घट्ट होतं. माझ्या त्या दिवाळीच्या वड्याही तिथे अगदी टणक झाल्या होत्या.

त्या सकाळी पहिली पट्टी नापास झाली, दुसरी पाच मिनिटांत तडकली. मग आधी साचा. मी चॉकलेटचा खास साचा घेतला नव्हता, आइस्क्रीमच्या डब्याचं सपाट, पारदर्शक, कडक प्लास्टिकचं झाकण धुऊन, कोरडं करून, कापसानं घासून चकचकीत केलं होतं. चॉकलेट ज्या पृष्ठभागावर थिजतं त्याचं प्रतिबिंब होतं. गुळगुळीत चकाकणारं प्लास्टिक असेल तर वडी आरशासारखी, सिलिकॉनचा निस्तेज साचा असेल तर वडीही निस्तेज, टेम्परिंग कितीही उत्तम केलं तरी. झाकणात बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा कमी जाडीचा थर ओतला आणि ओट्यावर सात-आठदा आपटला. बुडबुडे वर आले आणि फुटले.

राहिलेल्या चॉकलेटात मी शेंगदाण्याच्या चिक्कीचे चौकोन बुडवले. चिक्की खोलीच्या तापमानाची असावी. फ्रीजमधून काढलेल्या गार तुकड्यावर चॉकलेट झटकन थिजतं, आतल्या बाजूचे कण चुकीच्या रचनेत अडकतात आणि आतला गारवा गेला की वरचं कवच तडकतं. काट्यावर चौकोन घ्यायचा, बुडवायचा, काटा बोलाच्या कडेवर दोनदा आपटायचा आणि खालची बाजू कडेवरून खरवडून मग बटर पेपरवर ठेवायचा. खरवडलं नाही तर प्रत्येक तुकड्याभोवती चॉकलेटचं डबकं होतं.

आठव्या-नवव्या तुकड्याला चॉकलेट जाड वाटायला लागलं. ही बिघाडाची खूण नाही. आतले कण वाढत चालले की चॉकलेट घट्ट होतं. अशा वेळी बोल पुन्हा वाफेवर ठेवून चार-पाच सेकंदांत उचलायचं आणि हलवायचं. चार-पाच म्हणजे खरंच चार-पाच. पंधरा सेकंद ठेवलं तर काच आळशी असल्यामुळे आधी काही जाणवत नाही आणि नंतर उष्णता येतच राहते, ३५ गाठते, आणि सगळं विरजण वितळून आपण पहिल्या पायरीवर. मी तेव्हा केसांचा ड्रायर वापरते, बोलाला बाहेरून पाच सेकंद वारा. पाणी नाही, वाफ नाही.

मायक्रोवेव्ह असणाऱ्यांसाठी याहून सोपा एक रस्ता आहे, पण त्याला लक्ष जास्त लागतं. चिरलेलं चॉकलेट अर्ध्या शक्तीवर वीस-वीस सेकंद फिरवायचं आणि दर वेळी हलवायचं. एक तृतीयांश तुकडे अजून न वितळलेले दिसत असतानाच थांबायचं, आणि नुसतं हलवून ते जिरवायचे. इथे चॉकलेट ३४च्या वर नेलंच नाही म्हणून त्यातलं मूळचं विरजण शिल्लक राहतं. एखादा डोळा चुकला आणि सगळं वितळलं, की हा रस्ता बंद. मग विरजण घालण्यावाचून गत्यंतर नाही.

दुधाच्या आणि पांढऱ्या चॉकलेटला सगळं हेच, फक्त दोन अंश खाली: दुधाच्याला साधारण ३० आणि पांढऱ्याला २८-२९. त्यात दुधाचं लोणी असतं आणि ते कोको बटरच्या रांगा सैल करतं. ओठाला ते 'जेमतेम गार' नाही, स्पष्ट गार लागायला हवं. आणि त्याची वडी डार्कसारखी टक् करत नाही. करणारही नाही.

पुण्यात जानेवारीत हे ठीक आहे. मुंबईत, रत्नागिरीत, गोव्यात मे महिन्यात खोलीच ३२ अंशांची असते, म्हणजे खोलीच चॉकलेटच्या कामाच्या तापमानावर. तिथे चॉकलेट थिजायलाच तयार होत नाही आणि कोणतंही तंत्र त्यावर मात करत नाही. एसी २० वर लावून, खोली तासभर गार करून, दार लावून काम करणं एवढाच मार्ग. नाहीतर डिसेंबरपर्यंत थांबावं किंवा सरळ कंपाउंड वापरावं. त्यात कमीपणा नाही. पावसाळ्यात आणखी एक अडचण असते. फ्रीजमधून काढलेल्या गार वडीवर हवेतली ओल दव होऊन बसते, साखर त्यात विरघळते आणि पाणी सुकलं की वर खरखरीत पांढरा थर राहतो. हा डाग तुपाच्या डागासारखा दिसतो, पण बोटानं घासला तर तूपकट न लागता रवाळ लागतो. यावर उपाय एकच. वड्या हवाबंद डब्यात घालूनच फ्रीजमध्ये ठेवायच्या आणि बाहेर काढल्यावर डबा तासभर उघडायचा नाही.

कोकणातल्या वाचकांना या सगळ्यात एक ओळखीची वस्तू दिसेल. घराघरात टाचांच्या भेगांसाठी ठेवलेला कोकमतेलाचा पांढरट गोळा, म्हणजे भिरंडेल. मे महिन्याच्या उकाड्यातही तो गोळाच राहतो, वितळत नाही. कोकमाच्या बियांतलं ते तूप कोको बटरच्या जवळच्या नात्यातलं आहे, फक्त जास्त तापमानाला वितळणारं. युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमांत चॉकलेटमध्ये कोको बटरव्यतिरिक्त ५ टक्क्यांपर्यंत जे सहा वनस्पती स्निग्ध पदार्थ चालतात, त्यांत कोकम आहे, सालवृक्षाचं तेल आहे आणि आंब्याच्या कोयीतलंही आहे. घरी मात्र टाचांच्या डब्यातलं कोकमतेल चॉकलेटमध्ये घालून पाहू नका. खाण्यासाठी शुद्ध केलेलं कोकमतेल वेगळं असतं.

झाकणातल्या वडीकडे परत येते. ती ओतल्यावर वीस मिनिटांनी कडेनं थिजायला लागली, तेव्हा मी झाकण फ्रीजमध्ये ठेवलं, फक्त बारा मिनिटं. इथे फ्रीज वाईट नाही, कारण विरजण आधीच लागलेलं आहे. उलट त्याची गरज असते. थिजताना बटर आपल्यातली उष्णता बाहेर टाकतं, आणि जाड वडीच्या मध्यभागी ती उष्णता साचली तर तिथले कण पुन्हा वितळतात. वडीच्या बरोबर मधोमध उठणारा तो गोल मातकट डाग यामुळे येतो. झाकण बाहेर काढून उलटं धरलं, तर पारदर्शक प्लास्टिकखाली आधी एक धुरकट चट्टा दिसला, मग शेजारी दुसरा. जिथे वडी आकसून प्लास्टिकपासून सुटते तिथे असं दिसतं. सगळं झाकण धुरकट झालं तेव्हा ते ताटलीवर पालथं केलं, आणि वडी न आपटता, न ओढता खाली पडली. खालच्या चकचकीत बाजूवर खिडकीचे गज दिसत होते.

सासूबाईंनी कोपरा मोडला. आवाज झाला. "हं," म्हणाल्या आणि डबा स्वतःच भरायला घेतला.

बोलाच्या तळाशी उरलेलं चॉकलेट फेकू नका आणि बोलातच थिजू देऊ नका. ते थंड होण्याआधीच बटर पेपरवर पातळ पसरा. थिजलं की तुकडे करून कोरड्या, बंद डब्यात, उन्हापासून आणि हिंग-मसाल्यांपासून लांब ठेवा, कारण कोको बटर वास लगेच ओढून घेतं. डब्यावर तारीख लिहा. पुढच्या खेपेला विरजण म्हणून हेच वापरायचं.